'निसर्गाचे सुंदर वर्णन' याच्या पुढे कसे जायचे?

प्रश्न: माझी भाची अकरावीत आहे, गोव्यात वाळपईला. घरी कोकणी, शाळा इंग्रजीतून, मराठी विषय म्हणून घेतलाय. कविता आवडतात, पण कुठलीही दिली की शब्दार्थ विचारते आणि 'निसर्गाचे सुंदर वर्णन आहे' असं एक वाक्य लिहून मोकळी होते. पेन्सिल हातात दिली तर सगळ्याच ओळींखाली रेघा मारल्या. पुन्हा येणारे शब्द, प्रतिमा, भाव कुठे बदलतो, हे खुणा करून कसं शिकवायचं? कवीची माहिती आधी सांगावी का?

उत्तर:

सगळ्या ओळींखाली रेघा मारणं हे मला तरी शहाणपणाचंच वाटतं. आपण मुलांना सांगतो, 'महत्त्वाचं असेल त्याच्याखाली रेघ मार.' आता कवितेत महत्त्वाचं काय, हे कविता वाचून संपल्यावर, कधी कधी चारदा वाचून संपल्यावर कळतं. पहिल्याच वाचनात ते विचारलं की मुलगी एकतर सगळं महत्त्वाचं धरते किंवा काहीच नाही. म्हणून मी वर्गात 'महत्त्वाचं' हा शब्द पहिले काही दिवस वापरतच नाही. विचारते ते एवढंच: दोनदा काय आलंय? हे शोधायला रसिक असावं लागत नाही, डोळे लागतात. आणि ते सापडलं की पुढचा प्रश्न: दुसऱ्यांदा येताना त्यात काय बदललं? माझी सगळी पद्धत या दोन प्रश्नांवर उभी आहे, खुणा त्यांच्या सोयीसाठी.

हे कुठे चालतं आणि कुठे नाही, ते आधी सांगते. आठ ते चौदा ओळींची भावकविता असेल तर उत्तम चालतं. लांब कथाकाव्याला किंवा पोवाड्याला ही पद्धत लावली तर पानभर गोल होतात आणि हाताला काही लागत नाही, तिथे प्रसंग धरून वाचावं लागतं. गाण्यासाठी रचलेलं काही घेणार असाल तर ध्रुवपद बाजूला काढा. आरतीतली, फुगडीतली किंवा धालोतली ओळ परत परत येते ती गाणाऱ्यांना धरता यावी म्हणून, आणि अभंगाच्या शेवटचं 'तुका म्हणे' ही तर सहीच. अशी पुनरावृत्ती त्या प्रकाराची रीत असते. नवख्या मुलीने तिच्यातून अर्थ काढायला सुरुवात केली की ती पहिल्याच दिवशी भरकटते. ध्रुवपदाची कविता दुसऱ्या महिन्यात घ्या.

सुरुवातीला मी बालकवींची 'औदुंबर' घेते. आठच ओळी आहेत, एकही माणूस नाही, काही घडतही नाही, म्हणजे 'निसर्गवर्णन' म्हणून सोडून द्यायला अगदी सोयीची. तुमच्या भाचीसाठी मला हीच योग्य वाटते.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.

चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.

पायवाट पांढरी तयातुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुन चालली काळ्या डोहाकडे.

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरि लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

तिला ही कविता हाताने उतरवून घ्यायला सांगा. रेघांचा कागद, प्रत्येक ओळीनंतर दोन रेघा मोकळ्या, डावीकडे ओळींचे आकडे, उजवीकडे चार बोटं समास. झेरॉक्स देऊ नका. उतरवताना 'हिरवाळी' लिहून झालेलं असतं, मग 'हिरवी' लिहिताना हात क्षणभर थबकतो, अर्धं काम तिथेच होतं. साधन एकच: पेन्सिल आणि रबर. रंगीत पेनं दिली की मुली पान सजवतात, हा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. उतरवून झाल्यावर दोनदा मोठ्याने वाचायचं. शब्दार्थ फक्त अडेल तेवढेच सांगा. इथे बहुधा 'बेट' अडेल, कारण आपल्याकडे बेट म्हटलं की दिवाडी नाहीतर चोडण डोळ्यापुढे येतं. बांबूचं बेट म्हणतात तसं झाडांचं बेटही असतं, एवढं सांगून सोडून द्या. दोन्ही अर्थ राहू देत, ओळ मोडत नाही.

आता पहिली फेरी. नियम असा की शब्दाला गोल करायचा, एकाच मुळातले शब्द रेघेने जोडायचे, आणि अर्थाबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नाही. मुली बहुतेक वेळा आधी 'तटावर तटावर' पकडतात, मग 'पैल' (पहिली आणि तिसरी ओळ), मग हिरवा रंग: पहिल्या ओळीत 'हिरवाळी', चौथीत 'हिरवी', सहावीत 'हिरव्या'. शेवटच्या दोन ओळींत 'जळ' आणि 'जळात'. इथपर्यंत कुणीही येतं. मग मी म्हणते, अख्खा शब्द सोडा, तुकडे बघा. जरा वेळ शांतता असते. मग कुणाला तरी 'टेकडीकडे' आणि 'डोहाकडे' यातलं 'कडे' दिसतं. आणि सगळ्यात उशिरा, बराच वेळ पानाकडे बघत राहिल्यावर, कुणीतरी 'पायवाट' आणि 'पाय टाकुनी' यांतल्या 'पाय'ला गोल करतं. भाचीला हे लगेच सापडलं नाही तर सांगून टाकू नका, दुसऱ्या दिवशी पान परत द्या.

या फेरीत एक शंका हटकून येते: 'कडे' तर यमकासाठी आलंय ना? यमकासाठी आलंय हे खरंच आहे. पुढे, पडे, कडे, मधल्या चारही ओळी त्याच अंगाने संपतात. पण यमकाने आलेला शब्दही काम करू शकतो. तो करतो की नाही, हे पाहायला दोन जागा शेजारी लिहायच्या. 'गाव पैल टेकडीकडे', 'पायवाट काळ्या डोहाकडे'. एक वर, एक खाली. माणसांची वस्ती त्या तिकडे चढावर, आणि वाट चाललीय उताराला, पाण्याकडे. दिशा उलटी झाली म्हणजे गोल ठेवायचा. उलट 'तटावर तटावर' बघा. दोन्हीकडे हिरवळ आहे, एवढंच ते सांगतं, आणि एकाच ओळीत सांगून मोकळं होतं. दुसऱ्या 'तटावर'ने पहिल्यापेक्षा वेगळं काही केलं नाही. तो गोल मी पुसायला लावते. पुसणं हा या कामाचा अर्धा भाग आहे, रबर त्यासाठीच. शेवटी पानावर तीनच धागे उरले पाहिजेत, चौथा आवडला तर आधीच्यातला एक पुसायचा.

दुसरी फेरी प्रतिमांची. 'प्रतिमा' हा शब्द ऐकून मुलं घाबरतात, म्हणून मी विचारते: या ओळीचा फोटो काढता येईल का? येत असेल तर त्या वस्तूला चौकोन. झरा, टेकडी, गाव, शेतं, पायवाट, कुरण, डोह, झाड. आठ ओळींत इतके चौकोन झाले की परत सगळ्याला रेघा मारल्यासारखंच होतं. म्हणून चौकोनांना लगेच दोन प्रश्न विचारायचे: ही वस्तू काय करतेय? आणि तिचा रंग काय? उत्तर चौकोनावर बारीक अक्षरात लिहायचं.

हे केल्यावर पान बोलायला लागतं. झरा 'वाहतो'. शेतांची गर्दी 'लागली'. वाट 'पडे', मग 'चालली'. काळिमा 'पसरि'. झाड 'बसला'. क्रियापदं वरून खाली नुसती वाचून काढायला सांगा: वाहतो, लागली, पडे, चालली, पसरि, बसला. वाहण्यापासून सुरुवात, बसण्यापाशी शेवट. तिसऱ्या ओळीवर मात्र काही लिहायलाच सापडत नाही, कारण गावाच्या वाट्याला क्रियापदच आलेलं नाही, ते नुसतं आहे. गाव आहे पण माणूस दिसत नाही, वाट चालतेय पण वाटसरू नाही. हे मी कधी आधी सांगत नाही, रिकामा चौकोन मुलांना स्वतःच खटकतो.

रंगांचंही तसंच. दुसऱ्या ओळीत निळासावळा, पाचवीत पांढरी, मग सहावी ओळ: 'हिरव्या कुरणामधुन चालली काळ्या डोहाकडे.' ही ओळ कागदावर वेगळी लिहायला लावा. सुरुवातीला हिरवा, शेवटी काळा. वाट हिरव्यातून निघून काळ्यात जातेय आणि ओळही तसंच करतेय. त्यानंतर 'हिरवा' पुन्हा येत नाही. तीनदा आलेला शब्द बंद कुठे होतो, हे नुसतं मोजणाऱ्याला कळत नाही. म्हणून जोडरेघ शेवटच्या 'हिरव्या'च्या खाली आणून तिथे आडवी छेदायची. पुनरावृत्ती थांबते ती जागा, ती सुरू होते त्या जागेइतकीच बघण्यासारखी असते.

पाण्याचे चौकोनही असेच जोडून बघा. झरा, डोह, जळ. वाहतं पाणी, साठलेलं पाणी, आणि शेवटी ज्यात कुणीतरी पाय टाकून बसलंय ते पाणी.

तिसरी फेरी भाव कुठे बदलतो याची, आणि मुलं सगळ्यात जास्त इथेच घसरतात. 'इथे कोणता भाव आहे?' असं विचारलं की आनंद, दुःख, शांतता अशी ठरलेली नावं येतात आणि काम संपल्यासारखं होतं. मी भावाचं नाव विचारत नाही, वाचायला सांगते. कविता मोठ्याने वाचताना आवाज कुठे उतरला किंवा सावकाश झाला, तिथे समासात आडवी रेघ मारायची. ती एक वाचेल, तुम्ही एक वाचा, दोघांनी वेगवेगळ्या कागदावर रेघा मारा आणि मग जुळवा. जुळल्या नाहीत तर आनंद माना, वाद घालायला काहीतरी मिळालं.

'औदुंबर'मध्ये दोन उत्तरं नेहमी येतात. एक गट सातव्या ओळीच्या आधी रेघ मारतो, कारण तिथे नवी द्विपदी सुरू होते आणि 'झाकळुनी' हा जड शब्द येतो. दुसरा गट सहाव्या ओळीच्या मधोमध मारतो, 'चालली' आणि 'काळ्या' यांच्यामध्ये. दोन्हीला आधार आहे. मला स्वतःला सहावी ओळ पटते, कारण रंग तिथेच पालटतो, सातवी ओळ तो पसरवते. पण भाचीने सातवी म्हटलं आणि कारण कवितेतला शब्द दाखवून सांगितलं, तर ते बरोबरच. 'मला वाटलं' एवढंच कारण असेल तर रेघ खोडायची.

इथे एक ठरलेला घोळ होतो, त्यासाठी तयार राहा. 'काळा म्हणजे मृत्यू, हिरवा म्हणजे समृद्धी' असं गाइडमधलं समीकरण येणार. त्यावर व्याख्यान देण्याऐवजी सातव्या ओळीत 'काळिमा'च्या आधी कोणता शब्द आहे ते विचारा. 'गोड'. मृत्यूचं समीकरण खरं धरलं तर या 'गोड'चं काय करायचं? आमच्या वाचनगटात तुमच्या सत्तरी तालुक्यातलीच एक मुलगी होती, तिने यावर पटकन सांगितलं, 'आमच्या न्हंयेतली कोंड अशीच दिसते. वर झाडं वाकलेली, पाणी खोल, म्हणून काळं. उन्हातून आल्यावर तिथेच बसायला बरं वाटतं.' काळ्या रंगाची भीती घालणारं आणि त्याच वेळी बरं वाटायला लावणारं असं दोन्ही तिने एका वाक्यात आणलं. तुमची भाची म्हादईच्या मुलखातली, तिला हे पुस्तकाबाहेरून माहीत असणार. फक्त अनुभव सांगून झाल्यावर परत ओळीवर आणा: ही सावली कवितेत कुणाची आहे?

हा प्रश्न मोलाचा आहे. 'झाकळुनी जळ गोड काळिमा पसरि लाटांवर', पण पसरतंय कोण? सातव्या ओळीत कर्ता नाही. आठवीतही 'पाय टाकुनी जळात बसला असला' इथपर्यंत नाही. तो येतो कवितेच्या अगदी शेवटच्या शब्दात: औदुंबर. म्हणजे पाणी झाकळणारा, काळिमा पसरणारा आणि पाय टाकून बसलेला हा एकच. आपण अंधार आधी बघतो आणि तो कुणाचा ते नंतर कळतं. आणि आता 'पाय'चा तो उशिरा सापडलेला गोल कामाला येतो. पायवाट दोन ओळी चालत येते, चालणारा कुठेच दिसत नाही, आणि वाट संपते तिथे पाय दिसतात, पण ते बसलेल्याचे, पाण्यात टाकलेले. चालणं आणि थांबणं, दोन्ही एकाच शब्दाच्या आधाराने उभं आहे.

औदुंबर म्हटल्यावर दत्ताची आठवण निघेलच, साखळीचं दत्तमंदिर काही वाळपईहून लांब नाही. निघू द्या. बसलेला, स्थिर, पाय पाण्यात, असा कुणी तपस्वी दिसतो असं ती म्हणाली तर 'बसला'वर बोट ठेवून ते पटवता येतं. 'ही दत्ताची कविता आहे' असं म्हणाली तर मात्र दुसरा पुरावा मागा. झाडाच्या नावाखेरीज काही सापडणार नाही, आणि तो एक पुरावा एवढ्या मोठ्या विधानाला पुरत नाही, हे तिचं तिलाच कळेल.

खुणा झाल्यावर लिहिणं. पानावर तीन धागे उरलेत: हिरव्याकडून काळ्याकडे, वाहण्याकडून बसण्याकडे, आणि पायवाट ते पाय. प्रत्येक धाग्यासाठी दोनच वाक्यं लिहायची. पहिल्यात काय दिसलं ते ओळीच्या आकड्यासह, दुसऱ्यात त्यामुळे काय वाटलं. उदाहरणार्थ: 'पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या ओळीत हिरवा रंग येतो, पण सहाव्या ओळीच्या शेवटी काळा रंग येतो आणि त्यानंतर हिरवा पुन्हा दिसत नाही. त्यामुळे मोकळ्या शेतातून हळूहळू सावलीत शिरल्यासारखं वाटतं, आणि "गोड" या शब्दामुळे त्या सावलीची भीती वाटत नाही.' अकरावीच्या मुलीने एवढं लिहिलं तर ते 'सुंदर वर्णन'च्या बरंच पुढचं आहे, आणि परीक्षेत याचंच रसग्रहण होतं. वाक्यांचा क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी 'उदास वाटतं' लिहून मग पुरावे शोधायला बसली की ती हवे तेच शब्द उचलते, आणि 'गोड' हमखास गाळते.

पद्धत लागू पडतेय की नाही, हे पानावरूनच ओळखता येतं. खुणा सगळ्या ओळींवर सारख्या पसरल्या असतील तर ती अजून नुसती गोळा करतेय. कुठे दाट, कुठे काहीच नाही, आणि दोन-चार ठिकाणी खोडलेलं, असं पान दिसलं की समजा वाचन चाललंय. एका बैठकीत एकच फेरी, पाऊण तासाहून जास्त नको. तीन फेऱ्या सलग केल्या तर तिसरीत मुलं आधीच्याच खुणा गिरवतात. आणि 'आणि', 'तो', 'आहे' असल्या शब्दांना गोल करू लागली तर हसू नका. मुक्तछंदातल्या कवितेत कधी कधी 'आणि'च सगळं पेलत असतो. 'तो काढून ओळ वाचून बघ' म्हणा. काढल्याने काही बिघडलं नाही तर गोल पुसेल.

दुसरी कविता निवडताना अशी घ्या की जिच्यात एकही शब्द दोनदा येत नाही. ती गोंधळेल. मग पुनरावृत्तीऐवजी जोड्या शोधायला सांगा: उजेड-अंधार, आत-बाहेर, वर-खाली. कुठली बाजू आधी येते, शेवटी कुठली उरते. खुणा त्याच, फक्त गोल जोडण्याऐवजी समोरासमोर बाण.

राहिला कवीच्या माहितीचा प्रश्न. आधी सांगू नका. बालकवी 1890 मध्ये जन्मले आणि 1918 मध्ये रेल्वेच्या अपघातात गेले, अठ्ठाविशीही पुरी झाली नव्हती. हे आधी कानावर पडलं की काळा डोह म्हणजे मृत्यूची चाहूल हे ठरूनच जातं, आणि मग मुलं आठ ओळींत तेवढंच शोधतात. तिन्ही फेऱ्या होऊन तिची सहा वाक्यं लिहून झाल्यावर सांगा, आणि त्या वाक्यांतलं एखादं बदलावंसं वाटतं का ते विचारा. माझ्या वर्गात काहीजण बदलतात, बरेचजण बदलत नाहीत. जे बदलतात त्यांना मी ओळीचा आकडा विचारते.